केस-कंट्रोलच्या तक्त्यातून रिलेटिव्ह रिस्क काढला तर नेमकं काय चुकतं? (TCF7L2, rs7903146)

अनुस्वार

सरावाच्या एका तक्त्यावर अडले आहे. आकडे शिकण्यासाठी दिलेले आहेत, खऱ्या रुग्णांचे नाहीत. TCF7L2 जनुकातला rs7903146 हा बदल, टाइप 2 मधुमेहाचे 200 रुग्ण आणि 200 कंट्रोल. T हा जोखमीचा अॅलील.

```
            CC    CT    TT    एकूण
केस         76    94    30    200
कंट्रोल     98    84    18    200
```

CT आणि TT एकत्र करून 'T चे वाहक' असा गट केला. 226 वाहकांपैकी 124 रुग्ण, म्हणजे 54.9 टक्के. CC असलेल्या 174 पैकी 76 रुग्ण, म्हणजे 43.7 टक्के. भागाकार 1.26, तो मी रिलेटिव्ह रिस्क म्हणून लिहिला. ऑड्स रेशो 1.57 आला. सरांनी 1.26 वर लाल रेघ मारली आणि '1.57 ठेव' एवढंच लिहिलं.

दोन शंका आहेत. पहिली अशी की याच जनुकावरच्या 2006 च्या आइसलँडच्या मूळ शोधनिबंधात केस-कंट्रोल असूनही स्पष्ट 'relative risk' लिहिलंय, एक प्रत असलेल्यांना 1.45 आणि दोन असलेल्यांना 2.41. त्यांना चालतं, मग मला का नाही?

दुसरी, अॅलील मोजून तक्ता केला (केसमध्ये T 154, C 246, कंट्रोलमध्ये T 120, C 280) तर R मध्ये काय-स्क्वेअर 6.04 येतो आणि PLINK मध्ये 6.417. आकडे तेच, मग उत्तरं दोन कशी?

सह्यकडा

सोपं आहे. आजार दुर्मीळ असला की ऑड्स रेशो आणि रिलेटिव्ह रिस्क जवळपास सारखे येतात. मधुमेह आपल्याकडे दुर्मीळ राहिलेला नाही, म्हणून 1.26 आणि 1.57 मध्ये एवढं अंतर पडलं. एखाद्या दुर्मीळ आजारावर हाच तक्ता असता तर तुमचा रिस्क बरोबर ठरला असता.

चौकट

सह्यकडा, नियम बरोबर आहे पण इथे तो लागू केला ते चुकलं. आजार लाखात एकाला होणारा असता तरी या तक्त्यातून 1.26 च आला असता, कारण तक्त्यात 400 पैकी 200 जण आजारी आहेत. ते निम्मं प्रमाण लोकसंख्येचं नाही, अभ्यास आखणाऱ्याने ठरवलेलं आहे.

अनुस्वार, हातानेच करून बघा. रुग्ण तेच 200 ठेवा, कंट्रोल मात्र 400 आणले असं धरा. जीनोटाइपचं प्रमाण तेच, म्हणजे 204 वाहक आणि 196 CC. आता तुमच्या पद्धतीने 124/328 भागिले 76/272 करा, 1.35 येईल. कंट्रोल 2000 आणले तर 1.51 येईल. जनुक तेच, रुग्ण तेच, लोकसंख्या तीच. निधी जास्त मिळाला म्हणून रिस्क वाढला असं कुठे असतं का? ऑड्स रेशो मात्र तिन्ही वेळा 1.57 च राहतो, कारण (124×98)/(76×102) मध्ये कंट्रोलच्या दोन्ही खान्यांना एकाच संख्येने गुणलं की ती वर-खाली कटते.

तुमच्या सरांची रेघ यासाठी आहे. 54.9 टक्के हा कुणाचाही धोका नाही. केस-कंट्रोलमध्ये आपण आजारावरून माणसं निवडतो आणि मग त्यांचा जीनोटाइप बघतो. त्यामुळे 'रुग्णांमध्ये किती वाहक' (62 टक्के) आणि 'कंट्रोलमध्ये किती वाहक' (51 टक्के) हे दोनच आकडे खरे. तक्ता त्या दिशेनेच वाचायचा. उलट्या दिशेने वाचण्यासाठी बाहेरून एक आकडा आणावा लागतो, लोकसंख्येतलं आजाराचं प्रमाण.

पिपेट

R आणि PLINK च्या फरकावर लिहितो. `chisq.test` दोन-बाय-दोन तक्ता दिसला की न विचारता येट्सची दुरुस्ती लावतं. ती बंद करा.

```r
a <- matrix(c(154,246,120,280), nrow=2, byrow=TRUE)
chisq.test(a)                  # 6.04
chisq.test(a, correct=FALSE)   # 6.417
```

PLINK चं `--assoc` दुरुस्ती लावत नाही. p अनुक्रमे 0.014 आणि 0.011. खान्यांत शंभरावर आकडे असताना येट्सची गरज नाही, आणि जिथे खाने खरोखर लहान असतात तिथे लोक फिशरची परीक्षा घेतात. एक मात्र बघा, `fisher.test` जो ऑड्स रेशो छापतं तो तिरप्या गुणाकाराचा नसतो, वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो आणि किंचित वेगळा येतो. लेखात एक आकडा इथला आणि दुसरा तिथला घेऊ नका.

हाताने पडताळायचं असेल तर (154×280)/(246×120) = 1.46. त्याचा नैसर्गिक लॉग 0.379. चारही खान्यांच्या व्यस्तांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की 0.150, तो लॉगमधला स्टँडर्ड एरर. 0.379 मधून 1.96×0.150 वजा आणि अधिक करून परत एक्स्पोनेन्शियल घेतलं की 95 टक्क्यांची कक्षा 1.09 ते 1.96. ही कक्षा 1.46 च्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली नाही आणि नसावीच. ती सारखी दिसली तर कुणीतरी लॉग न घेता वजाबाकी केली आहे असं समजा.

अनुस्वार

चौकट, पिपेट, आभार. 2000 कंट्रोलचं गणित करून बघितलं, 1.506 आलं. कंट्रोल वाढवत गेलं की तो 1.57 कडे सरकतो, हे का होतं तेही उमगलं: तक्त्यात आजार 'दुर्मीळ' होत जातो.

पण आइसलँडचं कोडं तसंच आहे.

मांडवीकाठचा

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या जनुक चाचणीच्या अहवालात याच rs7903146 ला TT लिहिलंय. वरच्या तक्त्यात TT विरुद्ध CC केलं तर (30×98)/(76×18) = 2.15 येतं. म्हणजे मला मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त, असंच ना? आणि आम्ही गोव्याचे, इथे तर घरटी साखर.

चौकट

मांडवीकाठचा, नाही. पण प्रश्न चांगल्या वेळी आला, कारण 'बाहेरून आकडा आणायचा' म्हणजे काय ते तुमच्यावरून दाखवता येतं. पहिली गोष्ट म्हणजे वरचा तक्ता सरावाचा आहे, त्यातून स्वतःचं भविष्य काढू नका. आता नुसतं गणित.

ICMR-INDIAB च्या 2023 च्या अहवालात देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेह 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4 टक्के आहे, राज्यांमध्ये सर्वाधिक. गोव्याचा आकडा घेऊ. शंभर प्रौढांमध्ये 26.4 मधुमेही; त्यांच्यातले 15 टक्के TT, म्हणजे 3.96. उरलेले 73.6 मधुमेह नसलेले. त्यांच्यातले 9 टक्के TT, म्हणजे 6.62. तर TT असलेल्या एकूण 10.58 पैकी 3.96 मधुमेही, सुमारे 37 टक्के. हीच रीत CC ला लावली की सुमारे 22 टक्के. भागाकार 1.72. ऑड्स रेशो 2.15 आणि रिस्कचं गुणोत्तर 1.72, दोन्ही एकाच वेळी खरे. 'दुपटीहून जास्त' हे फक्त ऑड्सबद्दल खरं आहे.

शिवाय तुलना कुणाशी तेही बघा. 'इतरांच्या' असं तुम्ही लिहिलंत, पण 2.15 हा TT विरुद्ध CC चा आकडा आहे. इतरांमध्ये CT वाले भरपूर असतात. गोव्याची सरासरी 26.4 आणि TT चे 37, तुम्हाला हवी ती तुलना ही. आणि यात वय, वजन, घरातला इतिहास काहीच धरलेलं नाही. साखर तपासणं हे कुठल्याही जीनोटाइपपेक्षा जास्त सांगतं.

मांडवीकाठचा

म्हणजे 2.15 वाचून घाबरलो ते थोडं जास्तच. गोव्याबद्दलचं मात्र बरोबर निघालं. आभारी.

रेणुका_बायोस्टॅट

अनुस्वार, आइसलँडचं कोडं कंट्रोल कुठून आले यात आहे. तुमच्या तक्त्यातले कंट्रोल मधुमेह नसलेले, तपासून घेतलेले आहेत असं मी धरते. आइसलँडमध्ये कंट्रोल सर्वसाधारण लोकसंख्येतून घेतले होते. लोकसंख्येतून सरसकट घेतलेल्या गटात थोडे मधुमेहीही असतात. ही खोट वाटते, पण गणितात तिच्यामुळेच तिरपा गुणाकार थेट रिलेटिव्ह रिस्क देतो, आजार दुर्मीळ असण्याची अटही न घालता.

चौकट यांची रीत पुन्हा लावून बघा, यावेळी देशाच्या 11.4 टक्क्यांनी. वाहकांमध्ये मधुमेह 13.5 टक्के, CC मध्ये 9.1 टक्के, रिलेटिव्ह रिस्क 1.49. आता समजा, कंट्रोल न तपासता सरसकट लोकसंख्येतून घेतले. त्यांच्यात वाहक 0.886×51 अधिक 0.114×62, म्हणजे 52.25 टक्के असतील. त्यांच्याशी रुग्णांची तुलना करून ऑड्स रेशो काढा: (62/38) भागिले (52.25/47.75). 1.49 येईल.

म्हणजे 'केस-कंट्रोलमधून रिलेटिव्ह रिस्क निघतच नाही' हे शिकवायला सोपं, पण पूर्ण खरं नाही. आडव्या ओळीने भागाकार करून कधीच निघत नाही. तिरप्या गुणाकाराने कंट्रोल लोकसंख्येचे असतील तर निघतो, तपासलेले असतील तर ऑड्स रेशोच निघतो. 2007 च्या वेलकम ट्रस्टच्या मोठ्या अभ्यासातही सात आजारांना मिळून सुमारे 3000 कंट्रोल सामाईक होते, अर्धे 1958 मध्ये जन्मलेल्यांच्या गटातले आणि अर्धे रक्तदाते. प्रत्येक आजारासाठी त्यांना वेगळं तपासलेलं नव्हतं. तिथे छापलेले ऑड्स रेशो वाचताना हे ध्यानात ठेवायचं.

सह्यकडा

रेणुका, हे नवीन कळलं. माझं विधान मागे घेतो. पण अॅलीलच्या तक्त्याबद्दल एक मुद्दा धरून ठेवतो. 400 माणसांऐवजी 800 अॅलील मोजले की नमुना दुप्पट होतो. वाहकांच्या तक्त्यात काय-स्क्वेअर 4.92 आणि p 0.027 होता, अॅलीलच्या तक्त्यात 6.417 आणि 0.011 झाला. ताकद वाढली, मग अॅलीलचीच परीक्षा का नको?

रेणुका_बायोस्टॅट

4.92 चा 6.417 झाला तो नमुना दुप्पट झाल्यामुळे नाही. वाहकांच्या तक्त्यात CT आणि TT एकाच खान्यात कोंबले म्हणून माहिती गेली होती. इथे CT विरुद्ध CC 1.44 आणि TT विरुद्ध CC 2.15 आहे, म्हणजे प्रत्येक T मागे धोका पायरी-पायरीने वाढतो (1.46 चा वर्ग 2.13, अगदी जवळ). ती पायरी पकडणारी, पण 400 माणसंच मोजणारी परीक्षा म्हणजे कॉक्रन-आर्मिटेज ट्रेंड.

```r
prop.trend.test(c(76,94,30), c(174,178,48))   # 6.34
```

पहिल्या कंसात CC, CT, TT चे रुग्ण, दुसऱ्यात त्या-त्या जीनोटाइपची एकूण माणसं. 6.34, p 0.012. अॅलीलच्या 6.417 च्या शेजारीच. दुप्पट नमुन्याने काहीच कमावलं नाही, आणि कमावणार कसं? एका माणसाचे दोन अॅलील म्हणजे दोन माणसं नव्हेत.

ते दोन स्वतंत्र धरायचे तर केस आणि कंट्रोल मिळून गट हार्डी-वाइनबर्ग समतोलात असावा लागतो. सासिएनी यांनी 1997 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं. समतोल बिघडला की काय होतं ते बघा. खालच्या तक्त्यात अॅलीलची संख्या जशीच्या तशी ठेवून फक्त CT कमी केलेत.

```
            CC    CT    TT    एकूण
केस         90    66    44    200
कंट्रोल    110    60    30    200
```

T पुन्हा 154 आणि 120 च. अॅलीलच्या परीक्षेला फरक दिसतच नाही, ती 6.417 वर ठाम. ट्रेंड मात्र 4.93 वर येतो, p 0.026. दोन्हींचं गुणोत्तर 1.30, आणि ते ओढूनताणून आलेलं नाही. एकत्र गटात CT 180 अपेक्षित होते, मिळाले 126, म्हणजे 30 टक्के तूट. अॅलीलचा काय-स्क्वेअर बरोबर तेवढ्याच पटीने फुगतो. पहिल्या तक्त्यात 180 च्या जागी 178 होते, म्हणून तिथे फुगवटा जेमतेम एक टक्का.

हजारो मार्कर तपासताना असा फुगवटा खोटे निकाल पुढे ढकलतो. CT अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर उलट होतं, अॅलीलची परीक्षा उगाच मवाळ होते.

पिपेट

CT ची अशी तूट लॅबमध्ये कशी तयार होते ते सांगतो, कारण बहुतेक वेळा दोष जनुकात नसतो, प्लेटवर असतो. डीएनए कमी किंवा तुटलेला असला की दोनपैकी एकच अॅलील वाढतो आणि CT माणूस CC किंवा TT म्हणून नोंदला जातो. प्राइमर बसतो त्या जागीच आणखी एखादा बदल असेल तरी हेच होतं. वितंचक लावून तुकडे करणाऱ्या पद्धतीत पचन अर्धवट राहिलं तर न कापलेला पट्टा उरतो आणि कापला जाणारा एकजिनसी नमुना CT सारखा दिसतो, म्हणजे चूक उलट्या दिशेने जाते.

ओळखायचं कसं? `plink --bfile data --hardy` चालवा आणि UNAFF ची ओळ बघा. रेणुकांच्या दुसऱ्या तक्त्यात कंट्रोलचा काय-स्क्वेअर 16 च्या वर जातो. तिथे थांबा, p च्या मागे लागू नका. विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख उघडा. तीन घोळके सुटे दिसतात की मधला घोळका कडेच्या घोळक्यात मिसळलाय? थोडे नमुने, शक्यतो CC आणि TT म्हणून नोंदलेले, पुन्हा चालवा. केस एका प्लेटवर आणि कंट्रोल दुसऱ्या प्लेटवर लावले असतील तर तिथून निघालेल्या ऑड्स रेशोवर विश्वास ठेवू नका.

(एक चहाटळ निरीक्षण: अनुस्वारच्या कंट्रोलमध्ये 98, 84, 18 हे T ची वारंवारता 0.30 धरून हार्डी-वाइनबर्गला तंतोतंत जुळतात, काय-स्क्वेअर शून्य. खऱ्या डेटात एवढं जमलं असतं तर मी आधी एक्सेल शीट मागितली असती.)

अनुस्वार

हो, सरांनीच ते बनवलेत :)

अजून एक विचारते. वर्गमित्राने याच तक्त्यावर 1.46 ऐवजी 0.68 काढलं आणि 'T संरक्षक आहे' असं लिहिलं.

पिपेट

ओळी किंवा रकाने उलटे पडलेत. 1/1.46 = 0.68. PLINK मध्ये `--assoc` च्या निकालात ऑड्स रेशो A1 चा असतो, आणि साध्या PLINK 1.9 मध्ये A1 म्हणजे त्या डेटातला कमी आढळणारा अॅलील. F_A (केसमधली वारंवारता) आणि F_U (कंट्रोलमधली) नजरेखालून घाला: A1 = T, 0.385 आणि 0.30, मग OR 1 च्या वर असायलाच हवा. दुसऱ्या अभ्यासाशी तुलना करताना तिथे G आणि A दिसले तर गोंधळू नका, तो समोरच्या धाग्यावरून वाचलेला हाच बदल. खरी पंचाईत A/T आणि C/G बदलांची, तिथे अक्षरांवरून धागा कळत नाही.

चौकट

वारंवारतेचा विषय निघाला म्हणून एक भर. T ची वारंवारता युरोपात आणि आपल्याकडे 30 टक्क्यांच्या आसपास आहे, पूर्व आशियात दोन-तीन टक्क्यांच्या घरात. केस एका समाजातून आणि कंट्रोल दुसऱ्या समाजातून आले तर आजाराशी काही संबंध नसतानाही 1.46 सारखा आकडा उभा राहू शकतो. आपल्याकडे शतकानुशतकं जातीत लग्नं झाली आहेत, त्यामुळे 'सगळे महाराष्ट्रातले' एवढं म्हणून भागत नाही. पुण्यातल्या लोकांवर 2007 मध्ये TCF7L2 चा संबंध दाखवला गेला, तेव्हाही T मागे ऑड्स रेशो दीडच्या आसपास आला होता, म्हणजे युरोपातल्यासारखाच. वेगवेगळ्या लोकसंख्यांत तोच आकडा येणं हे एका तक्त्यातल्या p पेक्षा मला जास्त पटतं.

सह्यकडा

मग लेखात नेमकं काय छापायचं? अॅलीलचा 1.46, की ट्रेंडचा p आणि लॉजिस्टिकचा ऑड्स रेशो? `--model` तर एकदम पाच p देतं.

रेणुका_बायोस्टॅट

पाचांतला सर्वांत लहान उचलायचा नाही, एवढं आधी. कोणती परीक्षा ते डेटा बघण्याआधी ठरवायचं. माझी पसंती: जीनोटाइपचा पूर्ण तक्ता छापा, T ची प्रत 0, 1, 2 धरून लॉजिस्टिकचा ऑड्स रेशो आणि त्याची कक्षा द्या. वय, लिंग, वंशाचे घटक तिथेच घालता येतात. अॅलीलच्या तक्त्यात ते घालायला जागाच नाही.

चौकट

मी अॅलीलचा तक्ताही छापेन. जुने बरेच अभ्यास फक्त तोच देतात, मेटा-अॅनालिसिस करणाऱ्याला तो लागतो.

रेणुका_बायोस्टॅट

जीनोटाइपचा तक्ता असेल तर अॅलीलचा त्यालाच काढता येईल, उलट मात्र नाही. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

अनुस्वार

सरांना विचारून आले. ते म्हणाले कंट्रोल 'मधुमेह नाही असं सांगणारे' धरायचे, रक्त तपासलेलं नाही. म्हणजे तपासलेलेही नाहीत आणि सरसकट लोकसंख्येचेही नाहीत. मग 1.57 ला काय म्हणू?

चौकट

ऑड्स रेशोच म्हणा, आणि कंट्रोल कसे घेतले ते एका वाक्यात लिहा. निदान न झालेले मधुमेही त्यात असणार, म्हणून आकडा खऱ्या ऑड्स रेशोपेक्षा जरा 1 कडे ओढला गेलेला असेल.

रेणुका_बायोस्टॅट

किती ओढला गेला ते कंट्रोलच्या वयावर ठरेल. पंचविशीतले कंट्रोल आणि पन्नाशीतले कंट्रोल, दोघेही 'मला मधुमेह नाही' म्हणतात, पण पंचविशीतल्यांपैकी बऱ्याच जणांना तो अजून व्हायचा आहे. वय काय धरलंय ते विचारून सांगाल?